छापू का, हे वेगळं विचारा

माझा मावसभाऊ देवगड तालुक्यात हापूसचा बागायतदार आहे. पूर्वी त्याचा सगळा माल वाशीच्या बाजारात जायचा. गेल्या काही वर्षांत निम्म्याहून जास्त पेट्या तो थेट पुण्या-मुंबईच्या घरी पोचवतो. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर, पैसे यूपीआयवर आणि हिशेब वहीत. मागच्या वर्षी जानेवारीच्या शेवटी, बागेत मोहोर धरलेला असताना, त्याच्या मुलीने त्याला वेबसाइट करून दिली. बागेचे फोटो, दर, पत्ता सगळं भरलं. ‘ग्राहक काय म्हणतात’ हे एकच पान रिकामं राहिलं. ते भरायला त्याने एका संध्याकाळी सगळ्यांना मेसेज टाकला :

‘सन्माननीय ग्राहक, आमची नवीन वेबसाइट लवकरच सुरू होत आहे. तरी आपण आपला मौल्यवान अभिप्राय व पाच स्टार देऊन आम्हास उपकृत करावे. आपला अभिप्राय फोटोसह वेबसाइटवर प्रसिद्ध करण्यात येईल.’

चार दिवसांनी त्याचा फोन आला. “दादा, सगळ्यांक पाठवलंय, हात जोडलेले तेवढे इले.”

लहान व्यावसायिकांसाठी मजकूर लिहिण्याचं काम मी बरीच वर्षं करतो, म्हणून त्याने मला विचारलं. असे मेसेज मी ढिगाने पाहिले आहेत. साडीवाले, खानावळवाले, क्लासवाले, सगळ्यांचा मेसेज थोड्याफार फरकाने हाच असतो आणि उत्तरंही हीच येतात.

पहिली अडचण अगदी साधी होती. त्याने मेसेज ब्रॉडकास्ट यादी करून पाठवला होता. अशा एका यादीत २५६ जण मावतात, पण ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. आंबेवाल्याचा नंबर वर्षातून दोन महिने लागतो, तो किती जण साठवून ठेवतील? त्याच्या यादीत कित्येक नावांपुढे एकच खूण होती, म्हणजे मेसेज पोचलाच नव्हता. ज्यांना पोचला त्यांनी तो सगळ्यांना गेलेला मेसेज म्हणून वाचला आणि हात जोडून पुढे गेले.

दुसरी अडचण ऋतूची. फळ खाल्लं मे महिन्यात आणि विचारणा फेब्रुवारीत. नऊ महिन्यांनंतर माणसाला ‘आंबे छान होते’ यापलीकडे काय आठवणार? आणि ‘छान होते’ हे वाचून नवा ग्राहक पेटी मागवत नाही.

खरी गाठ मात्र शेवटच्या वाक्यात होती. त्या मेसेजमध्ये दोन प्रश्न एकत्र बांधले होते. आंबा कसा वाटला, हा एक. तुम्ही जे म्हणाल ते तुमच्या नावाने आणि फोटोने चारचौघांत लावू का, हा दुसरा. पहिला प्रश्न ओळखीतला आहे, त्याचं उत्तर कुणीही देईल. दुसरा ऐकल्यावर माणूस थबकतो. माझं नाव कुठे कुठे दिसेल, फोटो कुठला घेणार, ऑफिसातल्या कुणी पाहिलं तर, असं मनात येतं आणि मग पहिल्याचंही उत्तर राहून जातं. शिवाय इथे दुसरा प्रश्न विचारलेलाच नव्हता, ‘प्रसिद्ध करण्यात येईल’ असं परस्पर ठरवून टाकलं होतं. मी त्याला म्हटलं, ही गाठ सोडव, बाकीचं आपोआप जमेल.

“पण माझ्याकडे जुने मेसेज आहेत की,” तो म्हणाला, आणि त्याने वीस-पंचवीस स्क्रीनशॉट पाठवले. गेल्या दोन-तीन हंगामांत लोकांनी आपणहून लिहिलेलं होतं ते. वाचून मी खूश झालो, इतकं जिवंत लिहिलं होतं. पण ते स्क्रीनशॉट जसेच्या तसे वेबसाइटवर चढवायची त्याची तयारी होती, आणि तिथे मी त्याला थांबवलं. एका स्क्रीनशॉटमध्ये वरच्या पट्टीत त्याने साठवलेलं ‘काकू कोथरूड बी विंग’ हे नाव होतं, शेजारी त्या काकूंचा नातवाबरोबरचा फोटो. खाली मजकूर, त्याखाली पैसे भरल्याची पावती आणि ‘चारनंतर या, आम्ही घरी नसतो’ ही सूचना. आंब्याची स्तुती करताना एका घराची इतकी माहिती त्या चित्रात आली होती.

काकूंनी ते भावाला लिहिलं होतं, जगाला नव्हे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. त्यात संमतीची जी व्याख्या आहे ती आंबेवाल्यालाही उपयोगी पडावी अशी आहे : संमती मोकळेपणी दिलेली हवी, ठरावीक कामापुरती हवी, काय होणार हे कळून दिलेली हवी, तिला कसली अट जोडलेली नसावी आणि माणसाने स्पष्ट कृतीने ‘हो’ म्हटलेलं असावं. दिलेली संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे, असंही त्यात आहे. याखेरीज कॉपीराइटचा १९५७ चा कायदा आहे. त्यानुसार लिहिलेल्या मजकुरावर पहिला हक्क लिहिणाऱ्याचा आणि फोटोवर तो काढणाऱ्याचा. ग्राहकाने आपल्या फोनवर पाठवलं म्हणून ते आपलं होत नाही.

मग आम्ही ठरवलं, फेब्रुवारीत नवं काही लिहायला सांगायचंच नाही. लोकांनी आधीच लिहिलेलं त्यांच्यासमोर ठेवायचं आणि फक्त परवानगी मागायची. प्रत्येकाला वेगळा मेसेज, त्याच्याच शब्दांसह. काकूंना गेलेला मेसेज असा होता :

‘नमस्कार काकू. गेल्या मे महिन्यात तुम्ही मला लिहिलं होतं : “आज पहिली आढी उघडली, घरभर वास सुटलाय. नातू थांबायलाच तयार नाही.” पुढच्या महिन्यात आमची वेबसाइट सुरू होते आहे. तुमची ही दोन वाक्यं तिथे छापू का? छापायची असतील तर नाव कसं देऊ : पूर्ण नाव, नुसतं पहिलं नाव आणि गाव, की नाव न देता फक्त “कोथरूड, पुणे”? फोटो लावणार नाही. नको असेल तर “नको” एवढंच लिहा, मनात काही आणू नका, आंबे नेहमीसारखेच येतील. पुढे कधी काढावंसं वाटलं तर याच नंबरवर सांगा, त्याच दिवशी काढतो.’

यातलं एकही वाक्य शोभेचं नाही. शब्द उद्धृत केले, कारण ‘तुमचा अभिप्राय छापू का’ असं विचारलं तर काकूंना आपण काय लिहिलं होतं हे आठवत नाही आणि न आठवणाऱ्या गोष्टीला दिलेली परवानगी खरी नसते. कुठे छापणार ते सांगितलं. उद्या ते पेटीच्या पुठ्ठ्यावर किंवा इन्स्टाग्रामवर लावायचं झालं तर पुन्हा विचारावं लागेल. नावाचे तीन पर्याय दिले, कारण बहुतेकांचा नकार मजकुराला नसतो, नावाला असतो. ‘आंबे नेहमीसारखेच येतील’ हे वाक्य भावाला आधी विचित्र वाटलं होतं. पण ओळखीच्या माणसाला नाही म्हणणं आपल्याकडे फार जड जातं, आणि नाही म्हणायची वाट सोपी करून दिली नाही तर आलेला होकार भिडेचा ठरतो.

काकूंचं उत्तर तासाभरात आलं : ‘छाप रे, पहिलं नाव आणि पुणे.’ काहींनी नुसता अंगठा पाठवला. अंगठा म्हणजे मेसेज पाहिला की परवानगी दिली? आणि नाव कोणतं द्यायचं? अशांना एकदाच परत विचारलं. त्यावरही उत्तर न आल्यास सोडून दिलं. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे, आणि दुसऱ्यांदा आठवण करणं म्हणजे पाठ धरणं.

एक मेसेज भावाला सगळ्यात प्रिय होता. ठाण्याच्या एका ताईंनी लिहिलं होतं की आई महिनाभर हॉस्पिटलमध्ये आहे, काही खात नाही, तुझ्या आंब्याच्या दोन फोडी मात्र तिने मागून खाल्ल्या. फळ गोड होतं, रेषा अजिबात नव्हती, हेही त्यात होतं. पानाच्या अगदी वर हाच लावायचा, असं त्याने ठरवूनही टाकलं होतं. ताईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं : ‘आंब्याचं छाप. आईचं आपल्यातच राहू दे.’ वेबसाइटवर आज त्यांचं ‘फळ गोड होतं, रेषा अजिबात नव्हती’ एवढंच आहे. वाचणाऱ्याला ते साधं वाटेल. पण विचारलं नसतं आणि त्या ताईंना आपल्या आईचं आजारपण जाहिरातीत सापडलं असतं, तर भावाने ते घर कायमचं गमावलं असतं.

आणखी एक प्रश्न दुसऱ्याच बाजूने आला. मुंबईच्या एका काकांनी लिहिलं होतं की आमच्या स्टेशनजवळचा अमुक दुकानदार कार्बाइड लावून पिकवतो, तुमचे आंबे तसे नाहीत. दुकानाचं नाव सकट. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे हा साधा शेरा राहत नाही, तो गुन्ह्याचा आरोप होतो. काकांनी तो खासगीत केला होता, वेबसाइटवर मात्र तो भावाने छापला असं होईल, आणि पुरावा दोघांकडेही नाही. आम्ही काकांना ते वाक्य गाळून उरलेला मजकूर दाखवला आणि ‘एवढंच छापू का’ असं विचारलं. त्यांनी हो म्हटलं. ते अडून बसले असते तर अभिप्राय सोडून द्यायचा, असं आमचं ठरलं होतं.

गाळण्याबदलण्याचा नियम एवढाच ठेवला : जे छापणार ते आधी लिहिणाऱ्याला दाखवायचं. बरेच जण मराठी रोमन लिपीत लिहितात, ते देवनागरीत आणावं लागतं. आणताना ‘मस्त’चं ‘अप्रतिम’ करायचा मोह होतो. तो करायचा नाही. माणूस ‘एकदम भारी’ म्हणाला असेल तर ‘एकदम भारी’च.

नवे अभिप्राय मागायला एप्रिल उजाडावा लागला. इथे वेळेचं गणित फळावरच अवलंबून होतं. पेटीत फळ कच्चं किंवा अर्धकच्चं जातं, पेंढ्यात ठेवल्यावर पाच ते आठ दिवसांत पिकत जातं. पेटी पोचल्याच्या दिवशी विचारलं तर ‘पोचली, धन्यवाद’ असं येतं. तिसऱ्या दिवशी विचारलं तर ‘अजून कच्चेच आहेत’. भावाने दहावा दिवस धरला. वहीत पेटीच्या नोंदीपुढे दहा दिवसांनंतरची तारीख लिहायची आणि त्या दिवशी त्या घरी दोन ओळी पाठवायच्या :

‘नमस्कार. पाच डझनांपैकी किती फळं नीट पिकली? एखादं खराब निघालं असेल तर तेही सांगा.’

यात वेबसाइटचं नावही नाही. मौल्यवान अभिप्राय मागितला की माणसाला निबंध लिहायचं दडपण येतं. किती फळं चांगली निघाली असं विचारलं की तो मोजून सांगतो. ‘साठातली सत्तावन्न उत्तम, तिनांत साका,’ असं उत्तर एका घरून आलं. नव्या ग्राहकाला या एका ओळीतून जितकं कळतं तितकं दहा ‘छान होते’मधून कळत नाही. खराब फळाचं आपण आधी विचारलं की चांगल्याबद्दलही माणूस मोकळेपणी बोलतो. छापू का, हा प्रश्न नंतर, उत्तर वाचून झाल्यावर, स्वतंत्र मेसेजने जायचा. तक्रार असेल तर आधी तिचं निवारण आणि काही दिवस गेल्यावरच परवानगीची विचारणा, म्हणजे भरपाईच्या बदल्यात अभिप्राय मागितला असं कुणाला वाटू नये.

त्या साक्याच्या ओळीवरून आमचा बराच वाद झाला. साका हा हापूसचा जुना दोष आहे. फळ बाहेरून निर्मळ, पिवळंधमक, आणि कापलं की कोयीजवळचा गर पांढुरका, स्पंजासारखा आणि आंबट. तोडलेलं फळ तापलेल्या जमिनीवर राहिलं तर तो वाढतो, म्हणून जाणते बागायतदार सकाळी लवकर तोड करतात आणि फळ सावलीत ठेवतात. तरीही तो पूर्ण टळत नाही आणि बाहेरून ओळखू येत नाही. भावाचं म्हणणं, हे छापलं तर लोक घाबरतील. माझं म्हणणं, ज्याने एकदा तरी हापूस खाल्लाय त्याला साका ठाऊक आहे. त्याला हे बघायचं आहे की साका निघाल्यावर तू काय करतोस. शेवटी ती ओळ परवानगीने छापली आणि खाली भावाचं उत्तर : ‘तीन फळांचे पैसे परत केले. साका बाहेरून दिसत नाही. निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा.’ त्या हंगामात फोन करणाऱ्या दोघा-तिघा नव्या ग्राहकांनी ही ओळ वाचल्याचं आपणहून सांगितलं.

भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढलं. अभिप्राय गोळा कसे करावेत, तपासावेत कसे आणि छापावेत कसे, हे त्यात सांगितलं आहे. ते ऐच्छिक आहे. त्याच वर्षी ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक सूचना आल्या. त्या म्हणतात की शिफारस ही त्या माणसाचं खरं, सध्याचं मत असली पाहिजे आणि विकणाऱ्याशी त्याचा काही लागाबांधा असेल तर तो सांगितला पाहिजे. म्हणून पुतणीच्या मैत्रिणींनी लिहून द्यायची तयारी दाखवली तेव्हा तिनेच नको म्हटलं. आणि सगळेच अभिप्राय छापत नाही म्हणून पानाचं नाव बदलून ‘निवडक अभिप्राय’ केलं.

‘अभिप्राय द्या, पुढच्या पेटीवर शंभर रुपये सूट’ ही कल्पनाही निघाली होती. गूगलवरच्या अभिप्रायांसाठी सूट किंवा भेट देणं गूगलच्या नियमांत बसत नाही, आणि स्वतःच्या वेबसाइटवर तसं केलं तर ‘सूट घेऊन लिहिलेलं’ हे शेजारी छापावं लागेल. मग त्या अभिप्रायाला काय किंमत उरली? पाच स्टारांचा आग्रहही आम्ही सोडला. आपल्या दुकानाबद्दल आपणच आपल्या वेबसाइटवर गोळा केलेल्या स्टारांचं मानांकन गूगल २०१९ पासून शोधाच्या निकालात दाखवत नाही.

आता राहिली वही. भावाच्या पेट्यांच्या वहीत मागून चार पानं आखली. रकाने असे : तारीख, आलेला मूळ मजकूर, छापलेला मजकूर, नाव कसं द्यायचं, होकार कधी आला, आणि शेवटचा रकाना ‘काढलं’. होकाराच्या मेसेजचं चित्र पुतणीच्या संगणकात एका फोल्डरमध्ये. फोन बदलला किंवा पाण्यात पडला की व्हॉट्सअ‍ॅपवरची जुनी बोलणी बऱ्याचदा जातात, आणि उद्या कुणी ‘मी कधी हो म्हटलं होतं’ असं विचारलं तर दाखवायला काही उरत नाही. मुलांचे फोटो तर आम्ही घेतलेच नाहीत. आंबा खाणाऱ्या पोराचा फोटो कितीही गोड असला तरी त्याला आईवडिलांची परवानगी लागते, आणि मोठं झाल्यावर त्या पोराला तो नको असू शकतो.

‘काढलं’ हा रकाना जूनमध्ये पहिल्यांदा भरला. नाशिकच्या एका ग्राहकाने लिहिलं, ‘माझं नाव काढाल का, कारण नाही विचारू.’ कारण विचारलं नाही. नाव आणि मजकूर दोन्ही त्या दुपारी उतरले, आणि काढल्याचा मेसेज त्यांना गेला. मेच्या शेवटी त्यांची नेहमीची दोन डझनांची पेटी गेलेली होती, यंदाही त्यांनी सांगून ठेवली आहे.

आज त्या पानावर सतरा अभिप्राय आहेत. तुमच्याकडे कुणा ओळखीच्या विक्रेत्याचा असा मेसेज आला तर उत्तर जरूर द्या, आणि त्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहा : कोणते शब्द छापायचे आणि नाव कसं द्यायचं. नको असेल तर ‘नको’ लिहा. विचारणाऱ्याने नीट विचारलं असेल तर त्याला त्याचं वाईट वाटणार नाही.